प्लॅन वाढवूनही कॉल तुटतो: बँडविड्थ भरपूर असताना नेट संथ का होतं

तक्रार साधारण अशी असते. दिवसभर नेट व्यवस्थित चालतं. संध्याकाळी घरातलं कोणीतरी बाहेरून येतं, त्याचा फोन वायफायला जोडला जातो आणि थोड्याच वेळात दुसऱ्या खोलीतल्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटायला लागतो. समोरच्याचा चेहरा थिजतो, मग अडकलेली दोन-तीन वाक्यं एकदम कानावर येतात. साधं पान उघडायलाही तीन-चार सेकंद लागतात. अर्ध्या-पाऊण तासाने सगळं आपोआप सुरळीत होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या काळात स्पीड टेस्ट लावली तर डाउनलोडचा आकडा बहुतेकदा प्लॅनच्या आसपासच दिसतो, त्यामुळे कंपनीचा माणूस म्हणतो की लाइन ठीक आहे. मग प्लॅन वाढवला जातो, आणि त्रास आहे तिथेच राहतो.

अशाच एका घरातल्या जोडणीचं उदाहरण घेऊन पुढचं सगळं सांगतो. प्लॅन होता डाउनलोड १०० एमबीपीएस आणि अपलोड १० एमबीपीएस. तो वाढवून डाउनलोड ३०० केलं, पण अपलोड १० च राहिलं. प्लॅनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाउनलोडचा आकडा, म्हणून बदलतानाही सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं. या घरात त्रास डाउनलोडचा नव्हताच. तो अपलोडचा होता, आणि तिथेही आकडा लहान आहे एवढंच कारण नव्हतं.

प्लॅनवरचा आकडा नेमकं काय मोजतो

१०० एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात त्या जोडणीतून जास्तीत जास्त १० कोटी बिट जाऊ शकतात. ही झाली बँडविड्थ, म्हणजे क्षमता. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो; असं एखादं पॅकेट तुमच्याकडून निघून सर्व्हरपर्यंत जायला आणि त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागतो, हे या आकड्यात कुठेच नाही. त्या वेळाला विलंब किंवा लेटन्सी म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. आपण बोलताना ज्याला ‘नेट फास्ट आहे’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग या विलंबाचा असतो.

मोठी फाइल उतरवताना क्षमतेला महत्त्व असतं. कॉल, खेळ, दूरच्या संगणकावर टाइप करणं किंवा वेब पान उघडणं, यांत विलंब निर्णायक ठरतो. एका व्हिडिओ कॉलला प्रत्येक दिशेला दोन-चार एमबीपीएस पुरतात. त्याला १०० ऐवजी ३०० दिले तरी वरचे २०० त्याच्या काहीच कामाचे नाहीत.

पॅकेटच्या पातळीवर हिशोब केला की हे स्पष्ट होतं. मोठ्यात मोठं नेहमीचं पॅकेट १,५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं असतं. १० एमबीपीएसच्या जोडणीवर ते तारेत उतरायला १.२ मिलिसेकंद लागतात, १०० एमबीपीएसवर ०.१२. क्षमता दहापट केली आणि एका पॅकेटमागे वाचलं जेमतेम एक मिलिसेकंद. पुढचा प्रवास अंतरावर ठरतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागणारच. हा वेळ कोणताही प्लॅन कमी करू शकत नाही.

तरी १० किंवा २० मिलिसेकंदांनी कोणाचा कॉल तुटत नाही. टेलिफोनच्या आवाजासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय संघटनेची जी. ११४ ही शिफारस आहे. तिच्यानुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणांना त्याची अडचण होत नाही. म्हणजे या घरात कुठूनतरी शेकडो मिलिसेकंद येत होते, आणि ते अंतरामुळे येणं शक्य नव्हतं.

शेकडो मिलिसेकंद येतात कुठून

ते येतात रांगेतून. घरातलं वायफाय अपलोडच्या १० एमबीपीएसपेक्षा कितीतरी वेगाने राउटरकडे पॅकेटं आणून देतं, आणि राउटर किंवा मोडेमला ती अरुंद जोडणीतून एकेक करून पुढे सोडावी लागतात. तोवर ती मेमरीत थांबतात. या मेमरीला बफर म्हणतात. चित्र अरुंद पुलाचं डोळ्यांसमोर आणा. पुलावर गाड्या नेहमीच्याच गतीने जात असतात, पण अलीकडे ट्रकांची लांब रांग लागली की मागून आलेल्या सायकललाही सगळे ट्रक जाईपर्यंत थांबावं लागतं.

या घरात ट्रक होते फोनमधले फोटो आणि व्हिडिओ. फोन घरच्या वायफायला जोडला की त्याचा बॅकअप आपोआप सुरू होत होता. कॉलची छोटी पॅकेटं त्याच रांगेत मागे उभी राहत होती.

रांग इतकी लांब का होते, याचं कारण डेटा पाठवण्याच्या पद्धतीत आहे. टीसीपी नावाची जी व्यवस्था बहुतेक फाइल वाहते, तिला जोडणीची रुंदी आधी माहीत नसते. ती हळूहळू जास्त पाठवत राहते आणि पॅकेट हरवलं की समजते की आता मर्यादा आली, मग मागे येते. तिची नेहमीची रूपं पॅकेट हरवण्यालाच इशारा मानतात. मेमरी स्वस्त झाली तशी उपकरणं बनवणाऱ्यांनी बफर मोठे केले, हेतू असा की पॅकेटं वाया जाऊ नयेत. परिणाम उलटा झाला. बफर पूर्ण भरेपर्यंत एकही पॅकेट हरवत नाही, म्हणून टीसीपीला इशारा मिळत नाही, आणि ती बफर काठोकाठ भरूनच थांबते. म्हणजे एकच चालू बॅकअप रांग कायम लांबच्या लांब ठेवतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या जोडणीवर हाच त्रास मोजून मांडला, आणि तेव्हापासून याला बफरब्लोट म्हणतात.

आता हिशोब. समजा बफर १ मेगाबाइटचा आहे. म्हणजे ८० लाख बिट. १० एमबीपीएसने तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद, म्हणजे ८०० मिलिसेकंद लागतात. कॉलचं प्रत्येक पॅकेट आता नेहमीच्या वेळेपेक्षा ८०० मिलिसेकंद उशिरा पोहोचणार. कॉलचं ॲप इतकी वाट पाहू शकत नाही. उशिरा आलेलं पॅकेट ते टाकून देतं आणि आपल्याला आवाज तुटलेला ऐकू येतो.

पान उघडायला वेळ का लागतो, तेही यातूनच निघतं. नवीन संकेतस्थळावर जाताना आधी त्याचा पत्ता विचारला जातो, मग जोडणी जुळवली जाते, मग सुरक्षित देवाणघेवाण ठरते, मग पानाची मागणी जाते. साधारण चार फेऱ्या. एक फेरी २० मिलिसेकंदांची असेल तर हे सगळं ८० मिलिसेकंदांत उरकतं. तीच फेरी ८०० ची झाली की पहिला बाइट दिसेपर्यंत तीन सेकंदांहून जास्त जातात. पान तर डाउनलोडच करायचं होतं, आणि डाउनलोडची बाजू जवळजवळ रिकामी होती. पण प्रत्येक मागणी आधी अपलोडच्या रांगेतून बाहेर पडावी लागते.

प्लॅन वाढवून हे का सुटलं नाही, याचंही उत्तर इथेच आहे. डाउनलोड ३०० केल्याने अपलोडचा पूल रुंद झाला नाही. आणि अपलोड १० चं २० केलं असतं तरी तोच १ मेगाबाइटचा बफर रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागले असते. कॉल तरीही तुटलाच असता. रांगेचा विलंब निव्वळ क्षमता वाढवून ३० मिलिसेकंदांवर आणायचा तर अपलोड २६५ एमबीपीएसच्या पुढे न्यावं लागेल.

हाच त्रास आहे का, हे कसं ओळखायचं

एकाच गोष्टीची तुलना करायची आहे: जोडणी रिकामी असतानाचा विलंब आणि जोडणी भरलेली असतानाचा विलंब. नुसती एकदाच स्पीड टेस्ट करून हे कळत नाही, कारण ती मुख्यत्वे क्षमता मोजते आणि विलंबाचा आकडा बरेचदा चाचणी सुरू होण्याआधीच घेते.

शक्य असेल तर संगणक केबलने राउटरला जोडा, म्हणजे वायफायचा गोंधळ मध्ये येणार नाही. घरातले बाकी अपलोड-डाउनलोड थांबवा आणि टर्मिनलमध्ये पिंग चालू करा; एक छोटं पॅकेट सर्व्हरला पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पिंग पुन्हा पुन्हा मोजतो. विंडोजवर:

```
ping -t 1.1.1.1
```

लिनक्स आणि मॅकवर `-t` न लिहिता `ping 1.1.1.1` पुरेसं आहे. थांबवायला दोन्हीकडे `Ctrl+C`. मिनिटभर आकडे पाहा. ते एका पातळीच्या आसपास राहायला हवेत. आता पिंग तसाच चालू ठेवून एखादी मोठी फाइल कुठेतरी अपलोड करायला लावा. आमच्या उदाहरणातल्या घरी आकडे असे चढत गेले:

```
time=18ms
time=19ms
time=240ms
time=610ms
time=820ms
```

अपलोड थांबवला की आकडे लगेच पुन्हा १८ वर आले. रोगाची खूण हीच आहे. भरल्यावर वाढ, रिकामं होताच उतार. यावरून बफरचा अंदाजही बांधता येतो. त्या घरी मोजलेला अपलोड ९.६ एमबीपीएस होता आणि विलंब सुमारे ८०० मिलिसेकंदांनी वाढला, म्हणजे रांगेत सुमारे ९६० किलोबाइट, साधारण ६४० मोठी पॅकेटं उभी होती.

भरलेल्या अवस्थेत १०-२० मिलिसेकंदांची वाढ झाली तर काळजीचं कारण नाही. १०० च्या पुढे गेली तर कॉलवाल्याला जाणवू लागते. टर्मिनल नको असेल तर `fast.com` वर चाचणी संपल्यावर `Show more info` दाबा. तिथे `Unloaded` आणि `Loaded` असे विलंबाचे दोन आकडे शेजारी दिसतात. मला पिंगच जास्त आवडतो, कारण विलंब कोणत्या क्षणी चढला हे डोळ्यांसमोर दिसतं आणि कोणाचा फोन नुकताच जोडला गेला याच्याशी ते जुळवता येतं.

आणखी एक तपासणी न करता पुढे जाऊ नका. दुसऱ्या खिडकीत राउटरलाच पिंग लावा. त्याचा पत्ता बहुतेकदा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. वायफायवरून राउटरपर्यंतच आकडे शंभर-दोनशेच्या घरात जात असतील, तर तुमची अडचण घरातल्या घरातच आहे: लांबची खोली, गर्दीचं चॅनल, कमजोर सिग्नल. त्याला खालचा उपाय लागू पडणार नाही. आणि घरात कोणी काहीच वापरत नसतानाही रोज ठरावीक वेळी बाहेरचा पिंग चढत असेल, राउटरपर्यंतचा मात्र शांत असेल, तर रांग कंपनीच्या बाजूला लागते आहे. तिथे तुमच्या हातात फारसं काही नाही. वेळ लिहिलेले पिंगचे आकडे जमवून तक्रार करणं एवढंच उरतं, आणि ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा त्या तक्रारीला कितीतरी जास्त वजन असतं.

आजच्या आज करता येईल असं

बॅकअपच्या ॲपमध्ये अपलोडची मर्यादा ठरवता येत असेल तर ती मोजलेल्या अपलोडच्या साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा. संगणकावरच्या बऱ्याच सिंक ॲपमध्ये ही सोय असते, फोनवरच्या ॲपमध्ये अनेकदा नसते. तिथे बॅकअप रात्री झोपताना चालवा. हा उपाय खरा आहे, पण एकेका ॲपपुरता आहे. उद्या दुसऱ्या कोणी मोठा व्हिडिओ पाठवायला घेतला की रांग परत उभी राहते.

कायमचा उपाय: रांग आपल्या ताब्यात घ्या

रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी तयार होते. इथे ती जागा म्हणजे मोडेम, आणि त्यातला मोठा बफर आपल्याला बदलता येत नाही. मग युक्ती अशी करायची की राउटरनेच जोडणीच्या क्षमतेहून थोडं कमी पाठवायचं. मोडेमकडे येणारा ओघ त्याच्या बाहेर जाण्याच्या गतीपेक्षा कमी असला की मोडेमचा बफर भरतच नाही. रांग सरकून राउटरमध्ये येते, आणि तिथे ती कशी चालवायची हे आपण ठरवू शकतो.

ती चालवण्याच्या चांगल्या पद्धती २०१२ पासून उपलब्ध आहेत. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडलेली कोडेल ही पद्धत रांग किती लांब आहे हे पाहत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते पाहते. तो वेळ १०० मिलिसेकंदांच्या कालावधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती मुद्दाम पॅकेट टाकून टीसीपीला वेळेवर इशारा देते. एफक्यू-कोडेल आणि त्यानंतरची केक या पद्धती याच्या जोडीला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करतात. त्यामुळे कॉलच्या तुरळक पॅकेटला बॅकअपच्या शेकडो पॅकेटांमागे उभं राहावं लागत नाही. उदाहरणातल्या घरात खरा फरक यानेच पडला.

राउटरच्या सेटिंगमध्ये रांग सांभाळणारी `SQM` नावाची सोय, `CAKE` किंवा `fq_codel` यांपैकी काही आहे का ते शोधा. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर `luci-app-sqm` हे पॅकेज टाकलं की `Network` मेनूत `SQM QoS` येतं. तिथे इंटरनेटच्या बाजूचा इंटरफेस निवडायचा, रांगेची पद्धत `cake` ठेवायची आणि दोन्ही दिशांच्या मर्यादा किलोबिटमध्ये भरायच्या. लिनक्सचाच संगणक राउटर म्हणून वापरत असाल तर अपलोडपुरती एक ओळ पुरते. `eth0` च्या जागी तुमचा बाहेरचा इंटरफेस लिहा:

```
tc qdisc replace dev eth0 root cake bandwidth 8600kbit
```

आकडा कसा ठरवायचा? केबलने जोडून, घरातली बाकी वाहतूक बंद ठेवून वेगवेगळ्या वेळी क्षमता मोजा आणि सगळ्यात कमी आलेल्या आकड्याच्या ९० टक्क्यांपासून सुरुवात करा. प्लॅनवर छापलेला आकडा भरू नका. ९.६ चे ९० टक्के म्हणजे साधारण ८.६ एमबीपीएस, म्हणून वर `8600kbit` आहे. मग पिंग लावून अपलोडची चाचणी पुन्हा करा. विलंब अजून चढत असेल तर आकडा थोडा खाली आणा. चढत नसेल तर थोडा वर न्या, आणि पिंग बिघडू लागला की एक पाऊल मागे या. त्या घरी ८.६ वर भरलेल्या अवस्थेतला पिंग पंचविशीच्या आसपास स्थिरावला.

डाउनलोडच्या दिशेलाही हेच करतात, पण तिथे ताबा थोडा सैल असतो. ती रांग कंपनीच्या उपकरणात, आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच लागते. आपण उशिरा पोहोचणारी पॅकेटं टाकून पाठवणाऱ्याला मागे यायला लावतो, एवढंच. म्हणून डाउनलोडची मर्यादा अपलोडपेक्षा जरा जास्त मोकळीक ठेवून, ८५ टक्क्यांच्या आसपास धरलेली बरी.

क्षमता मुद्दाम कमी करायची म्हटलं की लोक बिचकतात. किंमत काय पडते ते पाहा. २ जीबीचा व्हिडिओ ९.६ एमबीपीएसने वर जायला सुमारे २८ मिनिटं लागतात, ८.६ ने ३१. बॅकअप तीन मिनिटं उशिरा संपतो, आणि त्या अर्ध्या तासात घरातला कॉल एकदाही तुटत नाही.

उपाय करूनही फरक पडला नाही तर

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे मर्यादा प्लॅनच्या आकड्याइतकी किंवा त्याहून मोठी भरलेली असते. मग रांग मोडेममध्येच राहते आणि राउटरला काही करायला उरत नाही. राउटरमधल्या नुसत्या ‘या उपकरणाला प्राधान्य द्या’ या बटणाचंही असंच होतं. एकूण मर्यादा लावलेली नसेल तर ते प्राधान्य अशा जागी दिलं जातं जिथे रांगच नाही.

दुसरं कारण राउटरचा प्रोसेसर. ही कामं प्रत्येक पॅकेटमागे करावी लागतात, आणि साध्या राउटरला काहीशे एमबीपीएसवर ती झेपत नाहीत. डाउनलोड तुम्ही भरलेल्या मर्यादेपेक्षा बराच खाली अडकला तर हे समजावं. अशा वेळी डाउनलोडची मर्यादा काढून फक्त अपलोडची ठेवा, बहुतेक घरांत मुख्य त्रास त्याच बाजूला असतो. वेग वाढवण्यासाठी असलेलं `flow offloading` चालू असेल तर ते मात्र बंद करावं लागतं, कारण त्यातून जाणारी पॅकेटं या रांगेला टाळून पुढे जातात.

मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या जोडणीत क्षमता मिनिटामिनिटाला बदलते. तिथे एक ठरीव आकडा नीट बसत नाही. मर्यादा कमी धरली तर एरवीची क्षमता वाया जाते, जास्त धरली तर गर्दीच्या वेळी रांग परत लागते. रोज कॉल करणाऱ्याने कमी आकडा धरावा, असं माझं मत आहे.

आणि कधीकधी बँडविड्थच खरोखर अपुरी असते. अपलोड २ एमबीपीएस असेल आणि दोन व्हिडिओ कॉल एकाच वेळी चालवायचे असतील, तर कोणतीही रांग कितीही शहाणी असली तरी ती बिट निर्माण करू शकत नाही. दोन्ही कॉल मिळून किती अपलोड वापरतात ते राउटरच्या आलेखावर पाहा. तो आकडा सतत मर्यादेला टेकलेला असेल आणि बॅकअपसारखं दुसरं काहीच चालू नसेल, तेव्हा मोठा प्लॅन घेणं योग्य आहे. फक्त घेण्याआधी त्यातला अपलोडचा आकडा विचारून घ्या.